यस्टरडे, लास्ट वीक, सो फार, बाय नेक्स्ट मंथ : आधी वेळेचा शब्द पाहा, मग क्रियापद लिहा

'आय हॅड गॉन टु नाशिक यस्टरडे.' 'ही हॅज कम लास्ट वीक.' 'वुई आर वेटिंग सिन्स टू अवर्स.' ही तिन्ही वाक्यं आपल्या कानाला इतकी सरावलेली आहेत की चूक खटकतही नाही. ती लिहिणाऱ्याला काळांचे तक्ते बहुतेक वेळा पाठ असतात. गडबड होते ती क्रमात. आपण मराठी क्रियापदाचं शेपूट बघतो आणि त्यावरून इंग्रजी काळ ठरवतो: 'आहे' दिसलं की हॅव-हॅज, 'होता' दिसलं की हॅड. इंग्रजीत मात्र वाक्यात वेळेचा शब्द असला, तर काळ ठरवण्याचा पहिला हक्क त्याचा.

मराठीत 'काल पैसे पाठवले', 'काल पैसे पाठवले आहेत' आणि 'काल पैसे पाठवले होते' ही तिन्ही वाक्यं बिनचूक आहेत. पहिल्यात नुसती माहिती आहे. दुसऱ्यात 'खातं बघा, जमा झाले असतील' असा सूर आहे. तिसऱ्यात 'मग मिळाले का नाहीत?' अशी किंचित तक्रार आहे. इंग्रजीत यस्टरडे आला की तिन्हींचं साधं विधान एकाच रूपात होतं: 'आय सेंट द मनी यस्टरडे.' सूर दाखवायचा असेल तर त्यासाठी पुढे वेगळं वाक्य जोडायचं, क्रियापदाला हात लावायचा नाही.

## १. तयारी: शेपूट झाका, वेळेखाली रेघ मारा

मनातलं वाक्य आधी मराठीत कागदावर लिहा. त्यातल्या वेळेच्या शब्दाखाली रेघ मारा: काल, गेल्या आठवड्यात, आतापर्यंत, दोन तासांपासून, पुढच्या महिन्यापर्यंत. मग क्रियापदाच्या शेवटचं 'आहे', 'होतं', 'असेल' बोटाने झाका. हे बालिश वाटेल, पण पहिले काही दिवस खरंच बोटाने झाका. डोळ्याला शेपूट दिसलं की हात आपोआप हॅव किंवा हॅड लिहितो.

दुसरी तयारी क्रियापदांच्या रूपांची. सेंट, बॉट, मेड यांचं दुसरं आणि तिसरं रूप सारखंच असल्यामुळे तिथे घोटाळा होत नाही. जिथे दोन्ही रूपं वेगळी आहेत ती पक्की हवीत: वेंट-गॉन, सॉ-सीन, गेव्ह-गिव्हन, टुक-टेकन, रोट-रिटन, बिगॅन-बिगन. 'कम' जास्त फसवं आहे, कारण त्याचं दुसरं रूप 'केम' असलं तरी तिसरं पुन्हा 'कम' होतं.

तपासा: वाक्यात वेळेचा शब्दच सापडला नाही तर आधीचं वाक्य पाहा. 'काल बाजारात गेले. भाजी घेतली.' यातल्या दुसऱ्या वाक्यावरही 'काल'चाच अंमल आहे. तिथेही वेळ नसेल आणि फक्त परिणाम सांगायचा असेल, जसं 'किल्ली हरवली', तर 'आय हॅव लॉस्ट द की' असं पूर्ण वर्तमानकाळात लिहायचं.

## २. एकच प्रश्न: ती वेळ संपली का?

रेघ मारलेल्या शब्दाला हा प्रश्न विचारा. उत्तरं तीनच येतात. वेळ संपलेली असते, किंवा ती मागे कुठेतरी सुरू होऊन आत्तापर्यंत चालत आलेली असते, किंवा ती एक मुदत असते, म्हणजे 'त्या क्षणाच्या आत'. यस्टरडे आणि लास्ट वीक पहिल्या गटात येतात, सो फार दुसऱ्यात, बाय नेक्स्ट मंथ तिसऱ्यात.

इथे लक्षात ठेवायचं ते हे, की प्रश्न वेळेबद्दल आहे, कामाबद्दल नाही. 'काम तर संपलं, मग हॅव कशाला?' हा गोंधळ इथूनच सुरू होतो. 'सो फार आय हॅव रिटन टेन लेटर्स' या वाक्यात दहाही पत्रं लिहून झाली आहेत. पण 'आतापर्यंत' ही वेळ अजून चालू आहे, म्हणून हॅव.

## ३. संपलेली वेळ: साधा भूतकाळ, दुसरं काही नाही

यस्टरडे, द डे बिफोर यस्टरडे, लास्ट नाइट, लास्ट वीक, लास्ट इयर, इन 2019, टू डेज अगो, व्हेन आय वॉज अ चाइल्ड. यांच्यासोबत क्रियापदाचं दुसरं रूप. प्रश्न आणि नकारात डिड आणि पहिलं रूप.

'शी केम लास्ट वीक.' 'डिड यू कॉल हिम यस्टरडे?' 'आय डिडन्ट गो टु स्कूल इन जून.'

इथे मराठी माणसाच्या तीन चुका ठरलेल्या आहेत.

पहिली 'होतो'ची, आणि तीच सर्वांत मोठी. 'मी काल नाशिकला गेलो होतो' या मराठी वाक्यात 'जाऊन परतही आलो' एवढं सांगण्यासाठी 'होतो' येतं. इंग्रजीतल्या हॅडचं काम निराळं आहे. भूतकाळातल्या दोन घटनांपैकी कोणती आधीची, हे ते दाखवतं. म्हणून 'आय हॅड गॉन टु नाशिक यस्टरडे' एवढंच म्हटलं की ऐकणारा पुढच्या घटनेची वाट बघत राहतो: गेला होता, तेव्हा काय झालं? दुसरी घटना नसेल तर हॅड नको. 'आय वेंट टु नाशिक यस्टरडे' पुरेसं आहे, आणि परत आल्याचं ऐकणाऱ्याला कळतं, कारण बोलणारा समोर उभा आहे.

दुसरी 'कधी'ची. 'कधी आला आहेस?' यावरून 'व्हेन हॅव यू कम?' तयार होतं. ठरावीक घटना कधी घडली हे विचारताना व्हेन नेमका क्षण मागतो, आणि तो क्षण मागे पडलेला असतो. म्हणून 'व्हेन डिड यू कम?' हाच मुद्दा उलटा वापरला की एक चांगली चाचणी मिळते. तुमचा वेळेचा शब्द 'कधी?' या प्रश्नाचं उत्तर म्हणून एकटा चालतो का, आणि त्यात 'आत्ता' येत नाही ना? 'कधी आलास? काल.' चालतं. 'कधी आलास? आतापर्यंत.' चालत नाही. पहिला साध्या भूतकाळाचा शब्द, दुसरा नाही.

तिसरी 'पूर्वी'ची. 'तीन दिवसांपूर्वी' याचं 'बिफोर थ्री डेज' होत नाही. आजपासून मागे मोजताना 'थ्री डेज अगो' लिहायचं. अगो नेहमी कालावधीनंतर येतो आणि बरोबर साधा भूतकाळ आणतो: 'ही लेफ्ट थ्री डेज अगो.' बिफोर वाक्याच्या शेवटी एकटा आला तर मात्र अर्थ 'आजवर कधीतरी' असा होतो आणि हॅव लागतं: 'आय हॅव सीन धिस फिल्म बिफोर.'

सावध: लास्ट वीक, लास्ट मंथ, नेक्स्ट मंथ यांच्या आधी इन किंवा ऑन लावू नका. 'गेल्या आठवड्यात' मधला 'त' इंग्रजीत उतरत नाही.

## ४. चालत आलेली वेळ: हॅव किंवा हॅज, आणि तिसरं रूप

सो फार, अप टु नाऊ, टिल नाऊ, सिन्स मंडे, फॉर फाइव्ह इयर्स (अजून चालू असेल तर), इन द लास्ट थ्री मंथ्स, लेटली. या सगळ्यांचं एक टोक मागे असतं आणि दुसरं 'आत्ता'ला टेकलेलं. म्हणून पूर्ण वर्तमानकाळ.

सो फारच्या बाबतीत चूक उलट्या दिशेने होते. 'आतापर्यंत दहा अर्ज आले' या मराठी वाक्यात 'आहे' नाही, म्हणून 'सो फार टेन ॲप्लिकेशन्स केम' लिहिलं जातं. हवं ते 'सो फार टेन ॲप्लिकेशन्स हॅव कम'. शेपूट झाकायची सवय इथेही कामी येते, कारण शेपूट असो वा नसो, निर्णय 'आतापर्यंत'वर व्हायला हवा. सो फार वापरताना मनात 'आणि अजून येतील' असं म्हणून पाहा. ते बसलं तर हॅव बरोबर आहे. गोष्ट भूतकाळात सांगत असाल तर सो फारच्या जागी बहुधा 'अन्टिल देन' येतं आणि हॅवचं हॅड होतं: 'अन्टिल देन ओन्ली टेन ॲप्लिकेशन्स हॅड कम.'

'पासून'ची चूक सगळ्यांना माहीत असूनही सगळ्यांकडून होते. 'मी पाच वर्षांपासून इथे काम करतो' यात मराठी क्रियापद निव्वळ वर्तमानकाळी आहे, त्यामुळे 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' असं तोंडात येतं. यात दोन दुरुस्त्या हव्यात. काम मागे सुरू होऊन आजवर चालू आहे, म्हणून 'हॅव बीन वर्किंग'. आणि पाच वर्षं हा कालावधी आहे, सुरुवातीचा बिंदू नाही, म्हणून 'फॉर'. सिन्सच्या मागे तारीख, वार, साल किंवा घटना येते: 'सिन्स 2020', 'सिन्स दिवाळी', 'सिन्स आय जॉइन्ड'. शेवटच्या उदाहरणात जॉइन्ड साध्या भूतकाळात राहिलं हे पाहा, कारण रुजू होण्याचा क्षण संपलेला आहे. मुख्य क्रियापद तेवढं हॅव घेतं.

लास्ट वीक आणि इन द लास्ट वीक यांच्यातला फरक थोडा थांबून समजून घ्यावा असा आहे. लास्ट वीक म्हणजे आधीचा, मिटलेला आठवडा. इन द लास्ट वीक म्हणजे आजपासून मागचे सात दिवस, आणि आज त्यातच आहे. म्हणून 'वुई सोल्ड टेन सायकल्स लास्ट वीक', पण 'वुई हॅव सोल्ड टेन सायकल्स इन द लास्ट वीक'. दिसायला फक्त दोन बारके शब्द वाढले, पण वेळ उघडली आणि तिच्यासोबत क्रियापदही बदललं. इन द लास्ट थ्री मंथ्स, ओव्हर द पास्ट इयर यांनाही हेच लागू.

टुडे, धिस मॉर्निंग, धिस वीक हे शब्द कोणत्या गटात जातील ते घड्याळ ठरवतं. सकाळी दहाला 'हॅव यू हॅड टी धिस मॉर्निंग?' ठीक आहे. दुपारी चारला तीच सकाळ संपलेली असते, तेव्हा 'डिड यू हॅव टी धिस मॉर्निंग?' दिवस चालू असतानाही मनात नेमका क्षण असेल तर साधा भूतकाळच येतो: 'आय सॉ हर ॲट द बस स्टँड टुडे.'

तपासा: जस्ट, ऑलरेडी, यट यांच्यासोबत आपल्या परीक्षांत हॅव-हॅज अपेक्षित असतं: 'ही हॅज जस्ट लेफ्ट.' अमेरिकन बोलण्यात 'ही जस्ट लेफ्ट' किंवा 'डिड यू ईट यट?' सर्रास ऐकू येतं. ते तिकडे चुकीचं नाही. पण 'जस्ट नाऊ'चा अर्थ 'थोड्या वेळापूर्वी' असेल तर दोन्हीकडे साधा भूतकाळच चालतो: 'ही लेफ्ट जस्ट नाऊ.'

## ५. मुदत: आधी बाय की टिल ते ठरवा, मग काळ

मराठीचा 'पर्यंत' एकटा दोन कामं करतो. 'शुक्रवारपर्यंत फॉर्म भर' म्हणजे शुक्रवारच्या आत एकदा भरून टाक. 'शुक्रवारपर्यंत इथे थांब' म्हणजे शुक्रवार येईतो थांबणं चालू ठेव. इंग्रजीत पहिल्याला बाय, दुसऱ्याला टिल किंवा अन्टिल. 'सबमिट द फॉर्म टिल फ्रायडे' वाचणाऱ्याला वाटेल की रोज एक फॉर्म भरायचाय. शंका आली तर 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घालून पाहा. वाक्य तगलं तर बाय.

बाय पक्का झाला की मुदतीची तारीख कुठे पडते ते पाहा. पुढे असेल (बाय नेक्स्ट मंथ, बाय टुमॉरो, बाय 2030) तर विल हॅव आणि तिसरं रूप: 'बाय नेक्स्ट मंथ द कॉन्ट्रॅक्टर विल हॅव फिनिश्ड द रूफ.' मराठीत ते 'छप्पर घालून झालेलं असेल' असं येतं, म्हणजे त्या दिवशी मागे वळून पाहिलं तर काम झालेलं दिसेल. मागे असेल (बाय लास्ट मंथ, बाय फाइव्ह ओ'क्लॉक यस्टरडे) तर हॅड आणि तिसरं रूप: 'बाय फाइव्ह ओ'क्लॉक यस्टरडे वुई हॅड लोडेड द ट्रक.' यस्टरडे असूनही इथे हॅड बरोबर आहे, कारण पाच वाजता हा दुसरा बिंदू वाक्यात हजर आहे.

बोलण्यात 'ही विल फिनिश इट बाय फ्रायडे' अगदी सहज चालतं, आणि वचन देताना तेच जास्त नैसर्गिक वाटतं. पण रिकाम्या जागेच्या प्रश्नात बाय नेक्स्ट मंथ दिसला आणि क्रियापद पूर्ण होणाऱ्या कामाचं असलं, तर उत्तर विल हॅवचंच अपेक्षित असतं. स्थिती सांगणारं क्रियापद असेल तर मात्र साधं विल पुरतं: 'बाय नेक्स्ट मंथ शी विल बी इन पुणे.' आणि 'येत्या जूनला मला इथे दहा वर्षं होतील' याचं 'बाय नेक्स्ट जून आय विल हॅव वर्क्ड हिअर फॉर टेन इयर्स' होतं. मराठी वाक्यात ना 'पर्यंत' आहे, ना 'केलेलं असेल', म्हणून इथे बहुतेक जण अडखळतात.

बाय नाऊ म्हणजे आपलं 'एव्हाना'. अंदाज असेल तर 'ही विल हॅव रीच्ड बाय नाऊ', तो एव्हाना पोहोचला असेल.

सावध: 'तो येईपर्यंत', 'ती आली की' अशा वेळेच्या उपवाक्यात विल लिहू नका. 'बाय द टाइम ही विल कम' नाही, 'बाय द टाइम ही कम्स, वुई विल हॅव ईटन'. भविष्य दाखवण्याचं काम मुख्य वाक्य करतं. हेच भूतकाळात नेलं तर 'बाय द टाइम ही केम, वुई हॅड ईटन'.

## ६. एक पत्र, सहा वाक्यं

आता एका छोट्या व्यापाऱ्याचं पत्र घेऊ. मराठी मसुदा असा आहे:

गेल्या आठवड्यात तुमची ऑर्डर मिळाली आहे. काल आम्ही चाळीस खोकी पाठवली होती. आतापर्यंत तीस खोक्यांचेच पैसे मिळाले. तीन महिन्यांपासून आम्ही हाच दर लावतो. पुढच्या महिन्यापर्यंत उरलेला माल पोहोचेल. शुक्रवारपर्यंत बाकी रक्कम पाठवावी.

शेपूट पाहून केलेलं भाषांतर असं उतरतं: 'वुई हॅव रिसीव्ड युअर ऑर्डर लास्ट वीक. वुई हॅड सेंट फॉर्टी बॉक्सेस यस्टरडे. सो फार वुई रिसीव्ड पेमेंट फॉर ओन्ली थर्टी. वुई आर चार्जिंग द सेम रेट सिन्स थ्री मंथ्स. बाय नेक्स्ट मंथ द रेस्ट विल रीच यू. प्लीज सेंड द बॅलन्स टिल फ्रायडे.'

पहिल्या वाक्यात रेघ 'गेल्या आठवड्यात'खाली पडते. वेळ संपली, 'आहे' झाकलं, राहिलं 'वुई रिसीव्ड युअर ऑर्डर लास्ट वीक'. दुसऱ्यात काल, तीही संपलेली. खोकी पाठवण्याआधी किंवा नंतर काय झालं याचा उल्लेख नाही, म्हणजे हॅडला काम नाही: 'वुई सेंट फॉर्टी बॉक्सेस यस्टरडे.' ग्राहकाने ऑर्डर रद्द केली असती तर मात्र दोन घटना झाल्या असत्या: 'वुई हॅड ऑलरेडी सेंट फॉर्टी बॉक्सेस व्हेन यू कॅन्सल्ड.'

तिसऱ्यात आतापर्यंत. पैसे अजून यायचे आहेत, किंबहुना त्यासाठीच तर पत्र आहे, म्हणून 'सो फार वुई हॅव रिसीव्ड पेमेंट फॉर ओन्ली थर्टी'. इथे रिसीव्डचं दुसरं आणि तिसरं रूप एकच आहे, त्यामुळे हॅव गळलं तरी वाक्य अर्धवट दिसत नाही आणि चूक तशीच निसटते. चौथ्यात 'पासून' आहे आणि दर अजून तोच आहे. तीन महिने हा कालावधी: 'वुई हॅव बीन चार्जिंग द सेम रेट फॉर थ्री मंथ्स.'

पाचवं वाक्य भाषांतरात चुकलेलं नाही, पण त्यात नुसता अंदाज आहे. 'बाय नेक्स्ट मंथ द रेस्ट विल हॅव रीच्ड यू' म्हटलं की त्या तारखेला माल हातात असेल, असा हिशेब वाचणाऱ्याला मिळतो. सहाव्यात 'शुक्रवारच्या आत' घालून पाहिलं, वाक्य तगलं, म्हणून 'प्लीज सेंड द बॅलन्स बाय फ्रायडे'. आज्ञार्थात काळाचा प्रश्नच येत नाही, चूक होते ती फक्त टिलची.

## ७. पाठवण्याआधी उलटी तपासणी

लिहून झालेल्या मजकुरात आधी प्रत्येक हॅडवर बोट ठेवा आणि 'कशाच्या आधी?' असं विचारा. त्या वाक्यात किंवा आधीच्या वाक्यात उत्तर सापडलं नाही तर हॅड खोडा आणि दुसरं रूप लिहा. मग प्रत्येक हॅव-हॅजच्या वाक्यात यस्टरडे, लास्ट, अगो किंवा मागचं साल शोधा. सापडलं तर दोघांपैकी एकाला जावं लागेल. तारीख महत्त्वाची असेल तर हॅव जाईल, परिणाम महत्त्वाचा असेल तर तारीख जाईल. 'इन 2019' चुकत असलं तरी 'सिन्स 2019' हॅवसोबत बरोबर असतं, आणि 'लास्ट वीक' चुकत असलं तरी 'इन द लास्ट वीक' बरोबर असतं, तेव्हा नुसता आकडा किंवा लास्ट दिसला म्हणून घाईने खोडू नका. शेवटी सगळे सिन्स पाहा, आणि ज्याच्या मागे आकडा आणि डेज, मंथ्स किंवा इयर्स असेल तिथे फॉर करा. 'सिन्स थ्री डेज अगो'सारखी ओढाताण करून सिन्स वाचवू नका, त्यापेक्षा वार लिहिलेला बरा: 'सिन्स मंडे'.